बीसीसीमध्ये गोळे नेमके कुठे टेकतात? बारावीला युनिट सेल चित्रांतून शिकवताना आलेली अडचण

पेडण्याची_टीचर

नमस्कार. मी पेडण्यात बारावीच्या रसायनशास्त्राची शिकवणी घेते. माझ्याकडची निम्मी मुले बांदा, सातार्डा, आरोंदा अशा सीमेपलीकडच्या गावांतून येतात आणि महाराष्ट्र मंडळाची परीक्षा देतात. त्यांच्या पुस्तकातला पहिलाच धडा घन अवस्थेचा असल्यामुळे वर्षाची सुरुवात युनिट सेलपासून होते, आणि नेमकी तिथेच मुले अडखळतात.

गेल्या आठवड्यात मी एकच प्रश्न दिला होता: बीसीसी रचनेत किती टक्के जागा भरलेली असते, ते काढा. अकरा मुलांपैकी चौघांचे उत्तर 68 आले. दोघांचे 37 आले. एका मुलीचे 104.7 आले होते. तिने ते खोडून खाली 68 लिहिले होते, कारण तो आकडा तिला पाठ होता. बाकीच्यांनी गणित अर्धवट सोडले. मी वह्या पाहिल्या तेव्हा लक्षात आले की सर्वांनी एकच चित्र काढले आहे: एक घन, त्याच्या आठ कोपऱ्यांवर टिंबे आणि मध्यभागी एक टिंब. त्या चित्रात कोणताच गोळा दुसऱ्या गोळ्याला टेकलेला नाही. मग 4r बरोबर बाजूचा कर्ण घ्यायचा, घनाचा कर्ण घ्यायचा की कड घ्यायची, हे त्या चित्रावरून त्यांना कळणार तरी कसे? ती तिन्ही सूत्रे त्यांना येतात, पण कोणते कुठे लावायचे हे ती स्मरणावर सोडतात.

माझा प्रश्न असा आहे की फळ्यावर आणि वहीत सहज काढता येईल, आणि गोळे कुठे टेकतात हे पाहूनच कळेल, असे चित्र कोणते? त्रिमितीय, छाया दिलेली चित्रे पुस्तकात आहेत, पण ती मुलांना काढता येत नाहीत, आणि जे चित्र स्वतःच्या हाताने काढता येत नाही त्यावरून गणित सुचत नाही, असा माझा अनुभव आहे.

क्लासवाले_सर_मडगाव

टीचर, मी बारा वर्षे प्रवेश परीक्षांचे वर्ग घेतो. स्पष्ट सांगायचे तर या धड्यावर इतका वेळ घालवू नये. एनसीईआरटीच्या पुस्तकातून तो 2022 साली वगळला गेला आणि जेईई मेनमधूनही तो गेला. ज्या मुलांना तो लागतो त्यांना मी एक तक्ता देतो: साध्या घनात a = 2r, बीसीसीत √3a = 4r, एफसीसीत √2a = 4r, आणि भरलेली जागा अनुक्रमे 52.4, 68 आणि 74 टक्के. हे तीन आकडे पाठ असले की चूक लगेच पकडता येते. उत्तर 100 च्या वर गेले तर चूक, आणि 52 च्या खाली आले तरी चूक, कारण साध्या घनापेक्षा सैल रचना असूच शकत नाही. शिवाय भरलेली जागा जितकी जास्त तितकी धातूची घनता जास्त, हा संबंधही मुलांना एका वाक्यात सांगून ठेवतो, म्हणजे तुलनेचे प्रश्न सुटतात.

फोंड्याचा_निवृत्त_प्राध्यापक

टीचरांनी चुकीच्या उत्तरांचे आकडे दिले आहेत हे फार चांगले केले, कारण त्या आकड्यांतच चुकीचे कारण लपलेले आहे. 104.7 काढणाऱ्या मुलीने कोपऱ्यांवरचे गोळे कडेवर एकमेकांना टेकतात असे धरले, म्हणजे r = a/2 घेतले. घनात दोन गोळे असल्यामुळे तिचे उत्तर π/3, म्हणजे 1.047 आले. 37 काढणाऱ्या दोघांनी एफसीसीचे सूत्र लावले. पहिली चूक स्वतःच ओरडून सांगते, कारण डब्याच्या आकारमानापेक्षा जास्त गोळे डब्यात मावत नाहीत. दुसरी चूक मात्र गप्प बसते. म्हणून ती अधिक घातक आहे, आणि तिच्यासाठी चित्रच हवे.

मी ज्या चित्राने शिकवत असे ते सांगतो. त्याला कंपास, पट्टी आणि वहीचे एक पान पुरते. घनाची कड 6 सेंमी धरा. आता घन तिरपा काढू नका. समोरासमोरच्या दोन उभ्या कडांतून जाणारी सुरी घनात वरून खाली घातली आहे असे समजा, म्हणजे घनाचे दोन सारखे पाचरीसारखे तुकडे होतील. त्या कापावर जो आयत दिसतो, तेवढाच काढायचा. त्याची उंची 6 सेंमी आणि रुंदी बाजूच्या कर्णाइतकी, म्हणजे 6 × 1.414 = सुमारे 8.5 सेंमी. चार कोपऱ्यांवर चार केंद्रे येतात आणि बरोबर मध्ये पाचवे येते.

```
●─────────────●
│             │
│      ●      │
│             │
●─────────────●
```

या आयताचा कर्ण हाच घनाचा कर्ण आहे. तो मुलांना पट्टीने मोजू द्या. 10.4 सेंमी येईल. आता पाचही केंद्रांवर एकाच त्रिज्येची वर्तुळे काढायची आहेत. कंपास अगदी लहान उघडून सुरुवात करायला सांगा आणि तो थोडा थोडा वाढवत जायला सांगा. प्रश्न एकच विचारायचा: सर्वांत आधी कोणती दोन वर्तुळे भिडतात? कोपऱ्यापासून मध्यापर्यंतचे अंतर 5.2 सेंमी आहे, उभ्या कडेवरच्या दोन कोपऱ्यांतले अंतर 6 सेंमी आहे, आणि आडव्या बाजूवरचे 8.5 आहे. त्रिज्या 2.6 सेंमी झाली की कोपऱ्याचे वर्तुळ मधल्या वर्तुळाला टेकते आणि वाढ तिथेच थांबते. त्या क्षणी उभ्या कडेवरची दोन वर्तुळे अजून टेकलेली नसतात, त्यांच्यात 0.8 सेंमीची फट उरते. ती फट मुलांनी पट्टीने मोजली पाहिजे. एकदा मोजली की कडेवर गोळे टेकतात असे ते पुन्हा लिहीत नाहीत.

सारांशाने नियम एवढाच आहे: कोणत्याही दोन केंद्रांमधले जे सर्वांत कमी अंतर, तेच 2r. कड, बाजूचा कर्ण आणि घनाचा कर्ण ही तीन सूत्रे या एकाच नियमाची तीन रूपे आहेत. एफसीसीसाठी आयत काढण्याचीही गरज नाही. 6 सेंमीचा चौरस, चार कोपरे आणि मध्यबिंदू काढले की कोपरा ते मध्य हे अंतर 4.24 सेंमी येते, म्हणून त्रिज्या 2.12 सेंमी, आणि कडेवर 1.76 सेंमीची फट राहते.

आता 37 वाल्या दोघांना त्यांचीच त्रिज्या, म्हणजे 2.12 सेंमी, बीसीसीच्या आयतावर काढायला सांगा. कोपऱ्याचे वर्तुळ आणि मधले वर्तुळ यांच्यात जवळपास एक सेंमी अंतर राहील. एकही वर्तुळ कशालाही टेकलेले नसेल. बीसीसीत बाजूच्या मध्यावर गोळाच नसतो, आणि त्यांनी मात्र तिथे नसलेल्या गोळ्याला टेकवून गणित केले, हे त्यांना स्वतःला दिसेल.

सरांच्या दोन विधानांबद्दल नंतर लिहितो. ती अर्धी बरोबर आहेत, आणि उरलेला अर्धा भाग महत्त्वाचा आहे.

म्हापशाचा_फळवाला

माझी मुलगी बारावीला आहे आणि तिने हा धागा मला दाखवला. मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही, पण पॅकिंगचा विषय आहे म्हणून लिहितो. आम्ही मोसंबी पेटीत भरतो तेव्हा खालचा थर चौकोनी ओळींत लावतो आणि वरचा थर खालच्या चार फळांच्या मधल्या खळग्यात बसवतो. फळावर बरोबर फळ ठेवले तर पेटीत कमी मावतात आणि प्रवासात घरंगळून दबतात. काही जण खालचा थरच तिरप्या ओळींत लावतात, म्हणजे एका फळाभोवती सहा फळे येतात, आणि म्हणतात की त्यात जास्त मावतात. आमच्या पेटीत तर दोन्ही पद्धतींनी जवळपास सारखीच फळे बसतात, उलट तिरप्या ओळींत पेटीच्या कडेला अर्ध्या फळाची जागा वाया जाते. आणि टोपलीतून नुसती ओतलेली फळे नेहमीच कमी भरतात. पेटी कशी भरावी याचा काही हिशेब असेल तर मलाही हवा आहे.

फोंड्याचा_निवृत्त_प्राध्यापक

भाऊ, धागा फळांच्या पेटीचा नाही, पण तुम्ही जे लिहिले आहे ते या धड्याच्या गाभ्यातले आहे. चौकोनी थरावर खळग्यात बसवलेली रास आणि तिरप्या ओळींच्या थरावर खळग्यात बसवलेली रास या दोन्हींत भरलेली जागा अगदी सारखीच, 74.05 टक्के असते. चौकोनी थरांची रास ही एफसीसीच आहे, आणि तिरप्या थरांचीही एफसीसी होऊ शकते. तीच रचना आपण दोन वेगळ्या दिशांनी पाहतो एवढाच फरक आहे. यापेक्षा दाट रास लावता येत नाही, असा अंदाज केप्लरने 1611 साली मांडला होता, आणि त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी 1998 साली दिली. तुमच्या पेटीच्या कडेला वाया जाणारी जागा मात्र या हिशेबात येत नाही, कारण स्फटिकाला पेटीच्या भिंती नसतात. युनिट सेलच्या रेषा आपण कल्पनेने आखलेल्या असतात, त्या गोळ्यांना आरपार कापून जातात.

नुसत्या ओतलेल्या फळांबद्दलचे तुमचे निरीक्षणही बरोबर आहे. एकसारखे गोळे ओतून कितीही हलवले तरी ते सुमारे 64 टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाहीत. टीचर, हे तुमच्यासाठीही सांगतो, कारण बरणीत गोट्या भरून वर पाणी ओतून रिकामी जागा मोजण्याचा प्रयोग अनेक जण करतात आणि 74 आले नाही म्हणून निराश होतात. तो प्रयोग अव्यवस्थित रासेचा आहे, स्फटिकाचा नाही. शिवाय लहान बरणीत भिंतीजवळची जागा मोकळी राहते, त्यामुळे उत्तर 60 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी येते.

मोसंब्यांवरून बीसीसी फार चांगली समजावता येते. खालची चार फळे एकमेकांना टेकवून ठेवली आणि खळग्यात पाचवे बसवले तर ती एफसीसीची सुरुवात होते. आता खालची चार फळे थोडी थोडी दूर सरकवा. मधले फळ खाली उतरत जाते. बीसीसी होण्यासाठी खालच्या दोन फळांमध्ये व्यासाच्या साधारण 15 टक्के फट लागते. मोसंबी सारख्या आकाराची नसतात म्हणून वर्गात टेबल टेनिसचे चेंडू घ्यावेत. चेंडूचा व्यास 40 मिमी असतो, म्हणजे फट 6 मिमीची ठेवायची आणि चेंडू मातीच्या गोळीने जागेवर चिकटवायचे. पाचवा चेंडू खळग्यात बसवला की त्यावर वरचे चार चेंडू खालच्या चारांच्या बरोबर डोक्यावर, तितकीच फट राखून बसतात. खालच्या चेंडूच्या केंद्रापासून वरच्या चेंडूच्या केंद्रापर्यंतची उंची मोजा. ती 46 मिमी आली, म्हणजे आडव्या अंतराइतकीच आली, तर घन तयार झाला. फट ठेवली नसेल तर हीच उंची 56 ते 57 मिमी येते आणि जे तयार होते ते त्या चार चेंडूंवर उभे राहिलेले घन नसते.

बारावी_आगरवाडा

सर, मी बारावीत आहे. मी तुमचे 6 सेंमीचे चित्र काढून पाहिले. फट बरोबर 0.8 सेंमी आली. पण मग 6 चा घन 216 आणि 2.6 त्रिज्येचे दोन गोळे असे घेऊन गणित केले तर 68.2 टक्के आले, 68 आले नाही. माझे कुठे चुकले?

दुसरी शंका अशी आहे की आमच्या गावात मिठागरे आहेत आणि आगरातल्या मिठाचे मोठे खडे घनासारखे दिसतात. शाळेत सांगितले की मिठाचीही रचना एफसीसी आहे. मग मिठातसुद्धा 74 टक्के जागा भरलेली असते का? मी एका मित्राला तसे सांगितले आहे, पण आता खात्री वाटत नाही.

पेडण्याची_टीचर

बाळा, तुझे काहीच चुकलेले नाही. त्रिज्या खरे म्हणजे 2.598 आहे. आपण ती 2.6 घेतली आणि आकारमानात तिचा घन होतो, म्हणून छोटा फरक तिप्पट होतो. पेपरात r च्या जागी √3a/4 असेच ठेव आणि a³ शेवटपर्यंत कापू नकोस, म्हणजे उत्तर √3π/8 येईल आणि ते बरोबर 68.0 टक्के आहे. मोजमापाचे चित्र कोणते सूत्र वापरायचे हे ठरवण्यासाठी आहे, शेवटचा आकडा काढण्यासाठी नाही. हे मी वर्गातही स्पष्ट सांगायला हवे होते.

आज मी सरांचे चित्र वर्गात करून घेतले. ज्या मुलीचे उत्तर 104.7 आले होते तिला मी तिचीच त्रिज्या, म्हणजे 3 सेंमी, घेऊन आयतावर वर्तुळे काढायला सांगितली. कोपऱ्याची वर्तुळे मधल्या वर्तुळात घुसली. तिने दोन्ही वर्तुळांत येणारा भिंगाच्या आकाराचा भाग पेन्सिलीने गडद केला आणि म्हणाली, "टीचर, हा भाग मी दोनदा मोजला." 100 च्या वरचे उत्तर म्हणजे नेमके काय, हे मला इतक्या वर्षांत इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.

कोपऱ्याच्या आठव्या भागाबद्दल फारशी अडचण आली नाही. गणपतीच्या मूर्तीसाठी आणलेली माती घरात उरली होती. तिचा लाडू करून सुरीने एकदा उभा, एकदा आडवा आणि एकदा मधोमध कापला की आठ सारखे तुकडे होतात. असा प्रत्येक तुकडा एकेका डब्याच्या कोपऱ्यात बसतो, हे मुलांना लगेच पटले.

मिठाचा प्रश्न मात्र प्राध्यापक सरांसाठी ठेवते.

फोंड्याचा_निवृत्त_प्राध्यापक

आगरवाड्याच्या मुला, तू मित्राला जे सांगितलेस ते दुरुस्त कर, पण लाज वाटून घेऊ नकोस, कारण ही चूक अनेक पदवीधरही करतात. लॅटिस ही फक्त बिंदूंची मांडणी आहे. त्या प्रत्येक बिंदूशी काय ठेवले आहे हे लॅटिस सांगत नाही. तांब्यात एफसीसीच्या प्रत्येक बिंदूवर एकच अणू आहे, म्हणून तिथे 74 येते. मिठात प्रत्येक बिंदूशी एक सोडियम आणि एक क्लोराइड अशी जोडी आहे. मांडणी तीच, पण ठेवलेली वस्तू वेगळी.

मिठाच्या घनाची कड 564 पिकोमीटर आहे. तोच नियम लाव: सर्वांत जवळची दोन केंद्रे कोणती? कोपऱ्यावरचा क्लोराइड आणि कडेच्या मध्यावरचा सोडियम यांच्यात 282 पिकोमीटर अंतर आहे. क्लोराइडची त्रिज्या 181 आणि सोडियमची 102 धरली तर बेरीज 283 येते, म्हणजे ते दोघे टेकलेले आहेत. आता बाजूच्या कर्णावर बघ. कोपऱ्याचा क्लोराइड आणि बाजूच्या मध्याचा क्लोराइड यांच्यातले अंतर सुमारे 399 आहे आणि दोघांच्या त्रिज्यांची बेरीज 362 होते. म्हणजे क्लोराइड एकमेकांना टेकत नाहीत, सोडियमने त्यांना दूर ढकललेले आहे. √2a = 4r हे सूत्र इथे लागूच होत नाही. चारही सोडियम आणि चारही क्लोराइड यांचे आकारमान जोडून 564 च्या घनाने भागले तर सुमारे 65 टक्के येतात. आयनांच्या त्रिज्या किती धराव्यात यावर हा आकडा थोडा हलतो, म्हणून तो 74 सारखा पक्का मानू नये.

आता मडगावच्या सरांच्या दोन विधानांकडे येतो. 52 च्या खाली उत्तर आले की चूक, हे बारावीच्या तीन रचनांपुरते चालेल. पण हिऱ्याचे लॅटिसही एफसीसीच आहे, त्याच्या घनात आठ अणू बसतात, आणि तरीही फक्त 34 टक्के जागा भरलेली असते, कारण प्रत्येक कार्बनला चारच शेजारी आहेत. जो मुलगा "52 च्या खाली अशक्य" असे पाठ करेल तो हिऱ्याचे बरोबर आलेले उत्तर खोडेल.

दुसरे विधान घनतेचे. ॲल्युमिनियम एफसीसी आहे, 74 टक्के भरलेले, आणि त्याची घनता 2.70 आहे. लोखंड बीसीसी आहे, 68 टक्के भरलेले, आणि त्याची घनता 7.87 आहे. घनता ठरवताना अणूचे वजन आणि आकार आधी येतात, भरण्याचे प्रमाण नंतर.

क्लासवाले_सर_मडगाव

हिऱ्याचे उदाहरण मान्य आहे. तक्त्याखाली मी "एका बिंदूवर एकच अणू असेल तरच" अशी ओळ घालीन. पण घनतेबद्दल माझे म्हणणे वेगवेगळ्या धातूंचे नव्हते. एकच मूलद्रव्य दोन रचनांत असेल तर तरी माझे वाक्य बरोबर ठरते ना? लोखंड 912 अंश सेल्सिअसला बीसीसीतून एफसीसीत जाते. तापवल्यावर वस्तू प्रसरण पावते, पण तिथे लोखंड आकुंचन पावते, कारण 68 चे 74 होतात. हे मी मुलांना नेहमी सांगतो आणि त्यांना ते आवडते.

फोंड्याचा_निवृत्त_प्राध्यापक

दिशा बरोबर आहे, सर. लोखंड तिथे खरोखरच आकसते. पण किती आकसते ते पाहा. अणूची त्रिज्या तशीच राहिली असती तर 68 चे 74 होताना आकारमान सुमारे 8 टक्क्यांनी कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास कमी होते. उरलेले 7 टक्के कुठे गेले, हा प्रश्न मी मुलांना विचारत असे. उत्तर असे की अणू हा कडक चेंडू नाही. बीसीसीत त्याला आठ जवळचे शेजारी असतात आणि एफसीसीत बारा. शेजारी वाढले की प्रत्येक शेजारी थोडा लांब बसतो, साधारण 2.5 टक्क्यांनी. लांबीतले 2.5 टक्के म्हणजे आकारमानात सुमारे 7.7 टक्के, त्यामुळे दाट रचनेचा फायदा बहुतेक सगळा खर्च होऊन जातो. आपण काढलेली वर्तुळे किती खरी आहेत याची मर्यादा इथे दिसते. कुठे टेकते हे ती बरोबर सांगतात, पण एकाच अणूची त्रिज्या सर्व रचनांत सारखी मानता येत नाही.

चित्रातून निघालेले उत्तर खरे की खोटे हे तपासायचे असेल तर घनता हा उत्तम मार्ग आहे. तांब्याची कड 361.5 पिकोमीटर आहे. तिचा घन 47.24 × 10⁻²⁴ घन सेंमी. आत चार अणू, म्हणजे 4 × 63.55 भागिले 6.022 × 10²³, ते 422.1 × 10⁻²⁴ ग्रॅम. भागाकार 8.94 येतो, आणि तांब्याची मोजलेली घनता 8.96 आहे. एखाद्याने बाजूंवरचे सहा अर्धे गोळे मोजायचे विसरून घनात एकच अणू धरला तर उत्तर 2.23 येईल, आणि तांबे ॲल्युमिनियमपेक्षा हलके ठरेल. तांब्याचा तांब्या रोज हातात धरणाऱ्या मुलाला हे लगेच खटकते.

बारावी_आगरवाडा

सर, मिठाचेही तसेच करून पाहिले. घनात चार जोड्या, 58.44, कड 564. उत्तर 2.16 आले आणि पुस्तकातही मिठाची घनता तेवढीच दिली आहे. मित्राला 65 टक्के सांगितले. त्याने विचारले की आगरातला खडा घन असतो तो आतली युनिट सेल घन असते म्हणूनच का. मी हो म्हणालो. ते बरोबर आहे ना?

फोंड्याचा_निवृत्त_प्राध्यापक

अर्धे बरोबर. आतली रचना घनाची असल्यामुळे बाहेरचे कोन काटकोन येऊ शकतात, पण बाहेरचा आकार कोणते पृष्ठ किती वेगाने वाढते यावर ठरतो. तुरटीची युनिट सेलही घनच आहे, पण तिचे खडे बहुधा अष्टफलकासारखे, म्हणजे दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखे वाढतात. संथ वाढीत जी पृष्ठे सर्वांत सावकाश वाढतात तीच शेवटी खड्यावर मोठी होऊन उरतात. मिठात ती घनाची पृष्ठे आहेत.

क्लासवाले_सर_मडगाव

एका गोष्टीवर मात्र माझे मत बदललेले नाही. पहिल्या दिवशी टिंबांचेच चित्र द्यावे. गोळे भरलेले चित्र आधी दिले तर मुले मोजणीत गोंधळतात, कारण मागचे गोळे दिसत नाहीत. आधी टिंबांवर एक अष्टमांश आणि एक द्वितीयांश यांची मोजणी पक्की करावी, मग सुरीचा काप दाखवावा.

पेडण्याची_टीचर

मी उलट क्रमाने करून पाहणार आहे, सर. टिंबांचे चित्र एकदा डोळ्यांत बसले की मुले गोळ्यांना आकारच देत नाहीत, हे मी दरवर्षी पाहते. पुढच्या तुकडीत आधी टेबल टेनिसचे चेंडू आणि 6 मिमीची फट, मग आयताचा काप, आणि टिंबे सर्वांत शेवटी. मोजणीत चुका वाढल्या तर इथे तसे लिहीन.

आज वर्गात एक वेगळाच पेच उभा राहिला. एका मुलाने तिरप्या ओळींच्या थरांची रास दोन प्रकारे लावली. एकात तिसरा थर पहिल्याच्या बरोबर डोक्यावर आला, दुसऱ्यात आला नाही. दोन्हींत 74 टक्केच भरते हे मी सांगितले, पण पहिल्या राशीसाठी वहीत सहज काढता येईल असा काप कोणता, हे मला सुचले नाही. षटकोनी खांबाचे चित्र मुलांना काढता येत नाही. कोणी वर्गात काढून घेतले असेल तर मापांसकट लिहावे.

म्हापशाचा_फळवाला

टीचर, चित्राचे मला सांगता येणार नाही. पण मुलीने आणि मी काल पेटीत दोन्ही राशी लावून पाहिल्या. तिसरा थर पहिल्याच्या बरोबर वर आला की वरून पाहताना तीन फळांच्या मधल्या फटीतून थेट पेटीचा तळ दिसतो. दुसऱ्या राशीत कुठूनही तळ दिसत नाही. मुले एवढे तरी पाहूनच ओळखू शकतील.